चौथ्या वॉल्व्हची चार मिनिटं

माझ्या हातून तीनशे वीस घरांना पाणी जातं, हे मी कुणालाही पहिल्याच भेटीत सांगून टाकतो. बायको म्हणते, एवढं सांगायची गरज नसते, नळ उघडला की लोकांना कळतं. तिला काय माहीत! लोकांना पाणी दिसतं, वॉल्व्हमन दिसत नाही. पाणी आलं नाही की मात्र तो लगेच दिसतो, आणि मग सगळ्यांना त्याच्याशी बोलायचं असतं.

माझं काम टेकडीवरच्या वस्तीत. चार गल्ल्या, एकीच्या डोक्यावर एक, आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी लोखंडी झाकणाखाली एक वॉल्व्ह. सकाळी सहाला खालच्या गल्लीचा वॉल्व्ह उघडायचा, सहा बाराला दुसरा, सहा पंचवीसला तिसरा आणि सहा चाळीसला सगळ्यात वरचा, चौथा. मग तासाभराने उतरताना एकेक बंद करत यायचं. खांद्यावर चावी. चावी म्हणजे खिशात मावणारी नव्हे, माझ्या छातीपर्यंत येणारी लोखंडी दांडी, वर आडवी मूठ आणि खाली वॉल्व्हच्या चौकोनी डोक्यावर बसणारं तोंड. हे काम मी सव्वीस वर्षं करतोय, आणि वरच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात त्या माझ्या पाण्यावर घड्याळ लावायच्या. हे त्यांनीच मला सांगितलं होतं. सरकारी कागदावर कुणी लिहून दिलं असतं तरी मला इतका आनंद झाला नसता.

वॉल्व्ह उघडला की मी एक गोष्ट नेहमी करतो. दांडीच्या मुठीला कान लावतो. खाली पाइपातून पाणी सुटलं की दांडीतून त्याचा आवाज वर येतो. आधी घरघर, मग सळसळ, मग एक लांबच लांब सूर. बरोबर सुटलंय की मध्ये हवा अडकलीय हे त्या सुरावरून कळतं. सव्वीस वर्षं झाली, पण तो सूर कानात शिरला की माझ्या अंगावर अजून काटा येतो. जमिनीखाली एवढं मोठं काहीतरी चाललेलं असतं आणि वर रस्त्यावर एक कुत्रं झोपलेलं असतं.

तर सांगायची गोष्ट ही की गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला माझी छाती धरायला लागली.

दुखायला लागली असं म्हणता येत नाही. दुखणं वेगळं. तिसरा वॉल्व्ह उघडून मी चौथ्याच्या चढाला लागलो की पायऱ्या संपतात आणि एक उभा रस्ता येतो. त्याच्या मध्यावर, विजेच्या खांबापाशी एक सपाट दगड आहे. नेमका त्या दगडाच्या जवळ आलो की छातीच्या मधोमध कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं व्हायचं. डावा दंड आतून जड व्हायचा. मी थांबायचो. थांबलो की तीन-चार मिनिटांत सगळं गायब. जसं आलं तसं गेलं. मग मी उरलेला चढ हळूहळू चढून जायचो आणि वॉल्व्ह उघडायचो.

ॲसिडिटी, मी ठरवून टाकलं. ठरवायला मला फार वेळ लागत नाही. घरातून निघण्याआधी मी पोटभर खाऊन, वर चहा ढोसून निघायचो. ज्या दिवशी जास्त खाल्लं त्या दिवशी पट्टा दगडाच्या आधीच आवळायचा. आता आणखी काय पुरावा हवा? मी औषधांच्या दुकानातून चघळायच्या गोळ्या आणल्या. दगडाशी आलो, पट्टा आवळला, की दगडावर बसून गोळी चघळायची. गोळी विरघळेपर्यंत पट्टा सैल झालेला असायचा. इतकं झटपट लागू पडणारं औषध मी जन्मात पाहिलं नव्हतं. चार लोकांना मी ती गोळी सुचवलीसुद्धा.

एकदा गोळ्या संपल्या होत्या. खिसे चाचपत दगडावर बसलो, आणि गोळी न खाताच चार मिनिटांत बरं वाटलं. मी मनाशी म्हटलं, कालच्या गोळीचा अंमल अजून आहे. माणूस स्वतःला गंडवायला बसला की त्याला दुसऱ्या कुणाची मदत लागत नाही.

बायकोपासून लपवायचं म्हटलं तर ती बाई शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांचं जेवण बघते. उकळणाऱ्या भांड्याकडे पाठ करून आत काय चाललंय ते सांगू शकते.

"काय होतंय?" तिने एका रविवारी विचारलं. आम्ही बाजारातून येत होतो. पिशव्या माझ्या हातात, आणि तिला घाई, म्हणून मीही भराभर चालत होतो. मी एका दुकानाच्या पायरीवर टेकलो होतो.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे काय? तोंडाचा रंग बघा."

"काही नाही गं. ॲसिडिटी."

"जळजळतंय?"

"नाही. आवळतंय."

"आंबट वर येतंय? ढेकर?"

"नाही."

"मग तिला ॲसिडिटी कशी म्हणता?"

मी म्हटलं, "मग चावीमुळे असेल. एवढं लोखंड खांद्यावर वागवतो, स्नायू धरला असेल."

घरी आल्यावर तिने मला खुर्चीत बसवलं आणि अंगठ्याने माझ्या छातीवर इंच इंच दाबून पाहिलं. बरगड्यांच्या मधे, खांद्याखाली, दंडावर. "इथे? इथे? हात वर करा. आता वळा. दुखतं?"

कुठेच दुखत नव्हतं. तरीही एका जागी मी "आई गं" म्हणालो. दुखलं म्हणून नव्हे, तिचं समाधान व्हावं म्हणून.

"खोटं," ती म्हणाली. "एक बोट ठेवून दाखवा कुठे होतं ते."

मी हात छातीवर नेला. बोट कुठे ठेवावं ते समजेना. शेवटी मूठच छातीच्या मधोमध ठेवली. ती त्या मुठीकडे बघत म्हणाली, "उद्या दवाखाना."

आता खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो, पण छातीला नव्हे. आमच्याकडे एकाला कमरेचं दुखणं निघालं, तर ऑफिसने त्याची चावी काढून घेतली आणि त्याला आवक-जावक टेबलावर बसवलं. चांगला माणूस, वर्षभरात सुकून गेला. टेकडीवरून काढलं तर माझं काय उरणार होतं? पाण्याचा सूर ऐकल्याशिवाय मला सकाळ झाली असं वाटत नाही. त्यामुळे डॉक्टरांसमोर बसलो तेव्हा मी तयारीनिशी बसलो होतो.

डॉक्टर म्हातारे, शांत. त्यांनी विचारलं, "कधी होतं? चालताना? चढताना?"

"छे छे," मी म्हणालो. "जेवल्यावर. जळजळ होते."

"थांबल्यावर कमी होतं का?"

"गोळी घेतल्यावर कमी होतं."

बायको बाहेर बसली होती. मीच तिला बाहेर बसवलं होतं. डॉक्टरांनी तरीसुद्धा मला टेबलावर झोपवलं, छातीला, हातापायांना तारा लावल्या आणि ईसीजी काढला. कागदावर डोंगरांची एक रांग उमटली. त्यांनी ती पाहिली आणि म्हणाले, "आत्ता तरी हा नॉर्मल आहे. पण चालताना कधी झालं तर मला येऊन सांगा. लगेच."

त्यातलं 'नॉर्मल' तेवढं मी उचललं आणि बाकीचं तिथेच सोडून आलो.

पुढचे आठ-दहा दिवस तो कागद माझ्या शर्टाच्या खिशात होता. भेटेल त्याला दाखवत होतो. बायकोने तो उलटसुलट करून बघितला आणि काही न बोलता परत दिला. तिची बोलती बंद केली या आनंदात मी दुसऱ्या दिवशी टेकडी चढलो, आणि दगडाशी पट्टा आवळला. बसलो. गोळी चघळली. चार मिनिटं. खिशात कागद नॉर्मल होता.

याच सुमारास वरच्या गल्लीच्या त्या शिक्षिकेने ऑफिसात लेखी तक्रार केली. बाई शुद्ध लिहितात, तक्रारही शुद्ध होती. एक, गेले अडीच महिने पाणी सहा चाळीसऐवजी सहा चव्वेचाळीसला येते. दोन, नळाला जोर नाही, स्वयंपाकघरातला नळ उघडला की न्हाणीघरातला रडू लागतो. सोबत तारखा आणि वेळा.

आमच्या इंजिनिअर मॅडम नव्या. हुशार, पण शिक्षण संपवून नुकत्याच आलेल्या. तो कागद माझ्यासमोर धरून त्या म्हणाल्या, "काका, ही चार मिनिटं कसली?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सव्वीस वर्षांत कुणी माझं मिनिट मोजलं नव्हतं. म्हणजे मोजलं होतं, पण कौतुकाने.

"बाईंचं घड्याळ पुढे असेल," मी म्हणालो.

"मग बाकीच्या तीन गल्ल्यांची वेळ बरोबर कशी?"

उत्तर नसलं की मी ओरडतो. तसा थोडा ओरडलो. मॅडमनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "चला, जाऊन बघू. पाणी आलं की प्रेशरही मोजू."

दुसऱ्या दिवशी मॅडमच्या गाडीतून वर गेलो. गाडीतून गेल्यामुळे दगड कधी आला आणि कधी गेला ते कळलंही नाही. चौथा वॉल्व्ह मी सहा चाळीसच्या ठोक्याला उघडला. बाई दारातच उभ्या होत्या. घड्याळ पाहून म्हणाल्या, "आज वेळेवर? मॅडम बरोबर असल्या की येतं वाटतं."

हा टोमणा मी गिळला.

मॅडमनी पिशवीतून प्रेशर गेज काढला, अंगणातल्या नळाच्या तोंडाला बसवला आणि फक्त तेवढा एक नळ उघडला. आतले सगळे नळ बंद होते. काटा सरसर वर चढला आणि जिथे असायला हवा तिथे ठाम उभा राहिला.

"प्रेशर तर पूर्ण आहे," मॅडम म्हणाल्या आणि वहीत लिहायला लागल्या. "लाइन नॉर्मल. तक्रारीत तथ्य नाही."

बाईंचा चेहरा उतरला. आणि मला हसू आलं. नव्या माणसाची चूक बघताना जुन्या माणसाला जे हसू येतं, ते.

"मॅडम, वही बंद करा," मी म्हणालो. "अहो, असं मोजतात का? सगळे नळ बंद असताना काटा वर जाणारच. पाणी जागचं हलतच नाहीये, त्याला अडथळा कळणार कसा? लाइन आतून गंजून करंगळीएवढी उरली असली, तरी बंद नळाला ती पूर्ण प्रेशर दाखवते. बाई, आतले दोन नळ सोडा. पूर्ण सोडा."

बाई आत गेल्या. पाण्याचा आवाज आला. गेजचा काटा क्षणभर थरथरला आणि घसरला. अर्ध्याच्याही खाली.

"बघा," मी म्हणालो. मी रंगात आलो होतो. "लाइन आतून बुजलीय. आणि आता नळ बंद करायला सांगा. बाई, बंद करा! बघा, चढला की नाही काटा परत? दोष कुठे गेला नाही, तिथेच आहे. मागणी कमी असली की भागतं. मागणी वाढली की तिला पुरवता येत नाही, आणि मागणी थांबली की लगेच सगळं ठीक दिसतं. म्हणून लाइन नेहमी चालू असताना तपासायची. झोपलेली असताना तपासून नॉर्मल म्हणणं म्हणजे..."

आणि माझं वाक्य तिथेच थांबलं.

माझा हात शर्टाच्या खिशावर गेला होता. कागद खिशातच होता. मला टेबलावर झोपवून काढलेला कागद.

मी काट्याकडे बघत राहिलो. बाईंनी आत कशासाठी तरी पुन्हा नळ सोडला असावा, काटा पुन्हा पडला. नळ बंद झाला, काटा चढला. जणू कुणी माझ्यासाठी मुद्दाम ते करून दाखवत होतं. चढ चढायला लागलो, मागणी वाढली. दगडाशी काटा पडला. बसलो, मागणी कमी झाली. चार मिनिटांत काटा वर. पोट भरलेलं असलं की दगडाच्या आधीच. बाजारातून भराभर येताना, तिथे ना दगड होता ना चावी, तरी तेच. आणि त्या गोळ्या! गोळी काहीच करत नव्हती. गोळी चघळायला मी बसत होतो, एवढंच.

मला आठवलं की अंथरुणावर आडवा झाल्यावर ते कधीच झालं नव्हतं. वाकल्यावर नाही. रविवारी दुपारी तडस लागेपर्यंत जेवून पडून राहिलो, तेव्हा नाही. चावीने वॉल्व्ह फिरवताना सगळ्या अंगाचा जोर लागतो, तेव्हा बरगडीतून कधी कळ आली नाही. माझ्या आतल्या त्या लाइनने अडीच महिने, रोज, त्याच जागी, तेवढाच वेळ मला एकच गोष्ट सांगितली होती. एक दिवस चुकवला नव्हता. माझ्यापेक्षा वक्तशीर. मला दरदरून घाम फुटला असं म्हटलं तर शोभेल, पण तसं काही झालं नाही. मी त्या अंगणात तोंड उघडं टाकून उभा होतो, आणि मला एवढंच वाटत होतं की हे किती खरं आहे. किती सरळ आहे. आणि हे माझ्या आत चाललंय.

"काका?" मॅडम म्हणाल्या. "काय झालं?"

'काही नाही' माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. सव्वीस वर्षांची चावी त्या दोन शब्दांना लटकलेली होती. माझ्या डोळ्यांसमोर ते आवक-जावकचं टेबल आलं, आणि त्याच्या मागे सुकत बसलेला तो माणूस.

"मॅडम," मी म्हणालो, "ती चार मिनिटं माझी आहेत. मी खांबापाशी बसतो. छाती आवळते म्हणून." मग बाईंकडे वळून म्हणालो, "तुमचं घड्याळ बरोबर आहे." आणि मग, "मला दवाखान्यात सोडाल का? वॉल्व्ह बंद करायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा."

मॅडमनी चावी माझ्या हातून काढून घेतली. वाटेत फोन करून माझ्या बायकोला बोलावलं.

या वेळी बायको डॉक्टरांसमोर आत बसली. मी सगळं सांगितलं. दगड, चढ, चार मिनिटं, भरलं पोट. सांगताना माझी मूठ आपोआप छातीच्या मधोमध गेली. डॉक्टरांनी त्या मुठीकडे पाहिलं, अगदी बायकोने पाहिलं होतं तसंच. "हे आधी का नाही सांगितलं?" एवढंच म्हणाले. त्यांनी पुन्हा ईसीजी काढला, आणि तो पुन्हा नॉर्मल आला.

"याच्यावर भरवसा ठेवू नका," ते म्हणाले.

"ठेवत नाही," मी म्हणालो. "नळ बंद आहेत."

ते चमकले. मग मी त्यांना गेजचं सांगितलं. म्हातारा माणूस खुर्चीत मागे टेकला आणि म्हणाला, "चाळीस वर्षं मी हे लोकांना समजावतोय. इतकं सोपं करून मला सांगता आलं नव्हतं." मग पुढे झुकून त्यांनी एकेक शब्द मोजून सांगितला. याला अंजायना म्हणतात. हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिनीत अडथळा असण्याची दाट शक्यता. आजपासून चढ बंद, चावी बंद. रोजच्या गोळ्या सुरू. ही वेगळी गोळी खिशात, छाती आवळली की बसून जिभेखाली ठेवायची. "आणि हे दोघंही ऐका. बसूनही पाच मिनिटांत गेलं नाही, किंवा काही न करता बसल्या जागी आलं, तर ॲसिडिटी की काय याचा विचार करत बसायचं नाही. ताबडतोब ॲम्ब्युलन्स. त्या वेळी एक मिनिट म्हणजे हृदयाचा एक तुकडा."

बायकोने डॉक्टरांनी लिहून दिलेला औषधांचा कागद पर्समध्ये ठेवला. माझ्या खिशात नव्हे.

दोन दिवसांनी मोठ्या रुग्णालयात माझे नळ सोडले. म्हणजे छातीला तारा लावून फिरत्या पट्ट्यावर चालवलं. पट्टा हळूहळू वेग घेतो आणि पुढून उचलला जातो, त्यामुळे जागच्या जागी टेकडी चढल्यासारखं होतं. बाजूला डॉक्टर उभे, तंत्रज्ञ बाई दंडाला पट्टी बांधून रक्तदाब मोजत होत्या, आणि समोर पडद्यावर माझी डोंगरांची रांग पळत होती. मी त्या बाईंना आधीच सांगून ठेवलं होतं, "सहाव्या मिनिटाच्या आसपास येईल." त्या हसल्या.

पाच मिनिटं झाली. मग मला दगड जवळ येताना जाणवला. त्या गुळगुळीत फरशीच्या खोलीत, पंख्याखाली, मला खरोखर खांब दिसल्यासारखा वाटला. छातीतला पट्टा आवळला. मी मूठ उचलायच्या आत डॉक्टर म्हणाले, "थांबवा." मी पडद्याकडे बघितलं. प्रत्येक शिखरानंतरची जी रेघ सरळ चालायला हवी, ती खाली दबली होती. प्रत्येक ठोक्याला, एकसारखी. शिक्षिका बाईंच्या अंगणातला तो काटा.

मला खुर्चीत बसवलं. जिभेखाली गोळी ठेवली. मी पडद्यावरून डोळे हलवले नाहीत. एक मिनिट. दोन मिनिटं. दबलेली रेघ केसाकेसाने वर येत होती. अडीच महिने मी दगडावर बसून गोळी चघळत होतो तेव्हा आत हेच घडत होतं. कुणी बघत नसताना. एक मुठीएवढं यंत्र, जन्माला यायच्या आधीपासून सुरू झालेलं, एक रजा नाही, एक रविवार नाही. त्याला लागणारं पाणीसुद्धा ते स्वतःच ओढून घेतं, आणि कमी पडलं तर बोंबलत नाही, फक्त म्हणतं, जरा थांब. मी थांबलो की पुन्हा कामाला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तंत्रज्ञ बाईंना वाटलं दुखतंय.

"नाही," मी म्हणालो. "थोर आहे हो हे."

चार मिनिटांत रेघ सरळ झाली.

अँजिओग्राफी मनगटातून केली. मी जागा होतो. पडद्यावर औषध सुटलं आणि काळ्या रंगाचं एक झाड क्षणभर फुललं आणि पुसलं गेलं. त्याच्या मुख्य फांदीवर, अगदी वरच्या बाजूला, एका जागी दोऱ्याएवढी रेघ उरली होती. डॉक्टर म्हणाले, नव्वद टक्के. मला टक्केवारी सांगायची गरज नव्हती. अशा लाइनी मी आयुष्यभर उघडून बघितल्यात. त्यांनी तिथे एक बारीक जाळीची नळी फुगवून बसवली, पुन्हा औषध सोडलं, आणि ती फांदी शेवटच्या टोकापर्यंत भरली. टेबलावर पडल्या पडल्या मला दांडीला कान लावल्यासारखं झालं. मला काहीच ऐकू येत नव्हतं. पण तो सूर कसा असेल ते मला ठाऊक होतं.

टेकडीवर परत जायला दोन महिने लागले. आधी सपाटीवर चालणं, मग थोडा थोडा चढ, सगळं डॉक्टर सांगतील तसं. मॅडमनी मला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं नाही. या काळात त्यांनी मला गेज देऊन घरोघर प्रेशर मोजायला लावलं, आणि दर वेळी त्या स्वतः जाऊन आतले नळ सोडत. बाईंच्या घराची बुजलेली लाइनही बदलली. काढलेल्या पाइपाचा तुकडा मी मागून घेतला. आत गंजाचे थर, मधे करंगळीएवढं भोक. तो आता आमच्या खिडकीत आहे. बायको म्हणते घरात भंगार आणलं. पण पुसून ठेवते.

शेवटी एका सकाळी डॉक्टरांनी हो म्हटलं, आणि मी चावी खांद्यावर घेतली. बायको म्हणाली, मीही येते. शाळेतून सुट्टी काढली होती, म्हणजे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पहिला वॉल्व्ह. दुसरा. तिसरा. प्रत्येक वेळी मी कान लावला, आणि प्रत्येक वेळी तिलाही लावायला लावला. ती म्हणाली, "एवढं सुंदर असतं हे आणि इतकी वर्षं एकटेच ऐकत होतात." मग पायऱ्या संपल्या. उभा रस्ता आला. माझे पाय चालत होते, पण माझं सगळं लक्ष छातीकडे होतं. खांब दिसला. दगड दिसला. मी दगडाशी पोहोचलो आणि सवयीने थांबलो. खांद्यावरची चावी खाली टेकवली. आता येईल म्हणून वाट बघत उभा राहिलो.

दम थोडा लागला होता, चढाला लागतो तेवढाच. वारा होता. वर बाईंच्या घराचा दिवा दिसत होता. मी वाट बघत होतो, आणि आत मोकळं होतं. सगळं मोकळं. वाहत होतं.

माझा चेहरा बघून बायकोचा हात पर्समधल्या जिभेखालच्या गोळीकडे गेला होता.

"काय होतंय?" तिने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.

आणि तिच्याकडे बघता बघता मला रडू फुटलं, कारण हे दोन शब्द मी तिला पहिल्यांदाच खरे सांगितले होते.